धागा : सांगकाम्याने पुन्हा किती वेळा प्रयत्न करावा आणि कोठे थांबावे?

कोकणकडा

मिडियाविकी प्रणालीवर चालणाऱ्या एका मोठ्या विकीवर गावांविषयीचे सुमारे ४,२०० लेख आहेत. त्या प्रत्येक लेखाच्या शेवटी तालुक्याच्या वर्गाची एक ओळ जोडण्याचे काम मी सांगकाम्याकडे सोपवले आहे. (यंत्राकडून संपादने करवून घेणाऱ्या खात्याला मराठी विकिपीडियावर सांगकाम्या म्हणतात. तो शब्द मला इतका आवडतो की मी सगळीकडेच वापरतो.) पायथनमध्ये लिहिलेले सहा कामकरी एकाच रांगेतून पाने उचलतात आणि रोज रात्री दोन वाजता क्रॉनमधून सुरू होतात.

तात्पुरती चूक आली, म्हणजे `maxlag`, `readonly` किंवा ५०३ असे उत्तर मिळाले, तर कामकरी १ सेकंद थांबतो, मग २, मग ४, आणि चौथा प्रयत्नही फसला तर ते पान "अयशस्वी" या यादीत टाकून पुढचे पान घेतो. परवा रात्री २ वाजून १० मिनिटांनी `maxlag` येऊ लागले आणि २ वाजून १४ मिनिटांनी ते आपोआप थांबले. सकाळी पाहिले तर अयशस्वी यादीत १८३ पाने होती, आणि ११ पानांवर वर्गाची तीच ओळ दोनदा उमटली होती. दुप्पट प्रतीक्षेचा नियम पाळूनही इतकी पाने का सुटली, हे मला कळलेले नाही. प्रयत्नांची संख्या चारवरून दहा केली तर पुरेल का?

पिंपळपान

आपल्या खात्याला सांगकाम्याचा अधिकृत दर्जा मिळाला आहे का? तो नसेल तर संपादनांच्या वेगावर कडक मर्यादा असते. प्रचालकांकडे अर्ज करून दर्जा मिळवा, म्हणजे या चुका येणारच नाहीत. माझ्याही बाबतीत असेच झाले होते.

कोकणकडा

दर्जा आहे. वेगमर्यादा ओलांडली असती तर `ratelimited` असे उत्तर आले असते, आणि नोंदींमध्ये ते एकदाही दिसत नाही.

झटपट

यासाठी स्वतःचे वर्तुळ लिहिण्याची गरजच नाही. requests च्या खाली जे urllib3 असते, त्यात पुनर्प्रयत्नाची सोय तयार आहे. सेशनला एकदा जोडून टाका आणि विसरून जा :

```python
Retry(total=5, backoff_factor=1,
      status_forcelist=[429, 503])
```

प्रतीक्षा दुप्पट होत जाते आणि सर्व्हरने पाठवलेला `Retry-After` हा शीर्षही ती पाळते.

जुनाखांब

झटपट, शीर्षाबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु या प्रश्नात ही तीन ओळींची सोय दोन कारणांनी निकामी ठरते. पहिले कारण असे की संपादन पोस्ट विनंतीने होते, आणि पोस्ट दोनदा गेल्यास काम दोनदा होऊ शकते म्हणून urllib3 स्थितिक्रमांक पाहून पोस्ट विनंती आपणहून पुन्हा पाठवत नाही. `allowed_methods` मध्ये पोस्टचा समावेश मुद्दाम करावा लागतो, आणि तो केला की कोकणकडा यांच्या अकरा पानांची संख्या वाढेल. दुसरे कारण असे की मिडियाविकीच्या एपीआयकडून `maxlag` ची चूक २०० या क्रमांकासह येते, त्यामुळे `status_forcelist` मध्ये काहीही लिहिले तरी ती त्या चाळणीत अडकत नाही. उत्तराच्या मजकुरात डोकावल्याशिवाय ती दिसतच नाही :

```json
{"error": {"code": "maxlag",
  "info": "Waiting for ...: 6.1 seconds lagged.",
  "lag": 6.1}}
```

कोकणकडा, आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपण विनंतीसोबत `maxlag=5` पाठवत असाल. त्याचा अर्थ असा की मुख्य डेटाबेसच्या प्रती पाच सेकंदांहून अधिक मागे पडल्या असतील तर माझे संपादन स्वीकारू नका, असे आपणच सर्व्हरला सांगत आहात. त्यामुळे नकार आला तेव्हा काहीही मोडलेले नव्हते. यंत्रणेने आपलीच विनंती मानली.

आता हिशेब करून पाहू. १, २ आणि ४ मिळून ७ सेकंदांची प्रतीक्षा होते, आणि चार विनंत्यांच्या जाण्यायेण्याला एखादा सेकंद धरला तर एक पान सोडून देण्यास कामकऱ्याला ८ सेकंद लागतात. प्रती चार मिनिटे, म्हणजे २४० सेकंद मागे होत्या. तेवढ्या वेळात एका कामकऱ्याने ३० पाने सोडली असणार आणि सहा जणांनी मिळून १८०. आपली संख्या १८३ आहे. म्हणजे त्या चार मिनिटांत रांगेतून उचललेले जवळपास प्रत्येक पान वाया गेले, आणि शिवाय आधीच दमलेल्या यंत्रणेकडे सातशेहून अधिक निरुपयोगी विनंत्या गेल्या.

प्रयत्नांची संख्या हा येथे दुय्यम मुद्दा आहे, कारण खरी चूक प्रतीक्षेची मोजणी कोणाच्या नावावर ठेवली यात आहे. आपण ती पानाच्या नावावर ठेवली आहे. अमुक गावाच्या पानासाठी चार सेकंदांपर्यंत थांबल्यावर ते पान सोडले की पुढच्या गावासाठी मोजणी पुन्हा एका सेकंदापासून सुरू होते, म्हणजे कामकऱ्याला आताच जे कळले ते तो दर आठ सेकंदांनी विसरतो. प्रती मागे पडल्या आहेत ही बाब संपूर्ण मंचाची आहे, त्यात त्या गावाच्या पानाचा काही दोष नाही. अशी चूक आली की पान हातातच ठेवावे, त्याच्या खात्यावर एकही प्रयत्न मांडू नये आणि कामकऱ्याने स्वतः थांबावे. प्रयत्नांची मोजणी केवळ त्या पानापुरत्या चुकांसाठी राखून ठेवावी. उदाहरणार्थ `editconflict` आले तर पान पुन्हा वाचून दोन-तीनदा प्रयत्न करणे योग्य आहे, आणि `protectedpage` आले तर एकदाही नाही, कारण संरक्षित पान थांबल्याने खुले होत नसते.

कोकणकडा

हिशेब वाचून थक्क झालो. "अयशस्वी" यादीतल्या पानांमध्ये काही साम्य असेल, एखादा तुटलेला साचा असेल, असे समजून मी कालचा पूर्ण दिवस ती पाने एकेक करून तपासण्यात घालवला. ती सगळी ठणठणीत होती.

शेवंती

माझा अनुभव थोडा वेगळ्या क्षेत्रातला आहे, तरी मर्यादेचा प्रश्न निघाला म्हणून सांगते. पूर्वी मी एका पतसंस्थेसाठी लघुसंदेश पाठवणारा कामकरी सांभाळत असे. संदेश पुढे पोहोचवणाऱ्या सेवेकडून ५०३ आले की आमचा कामकरी वाढत्या अंतराने वीस मिनिटांपर्यंत प्रयत्न करीत राही, आणि ते सर्वांना फार शहाणपणाचे वाटे. पण त्यात ओटीपीचे संदेशही असत आणि ओटीपी तीन मिनिटांनंतर चालत नसे. सेवा पूर्ववत झाली की सभासदांच्या फोनवर एकामागून एक असे चार-पाच मेलेले ओटीपी येऊन पडत. लोक त्यातला भलताच आकडा भरत, खाते बंद होई आणि फोन आमच्याकडे येत. शेवटी आम्ही प्रयत्न मोजणे सोडले आणि प्रत्येक संदेशावर "या वेळेनंतर पाठवू नये" अशी मुदत लिहू लागलो. हप्त्याच्या आठवणीला सहा तास आणि ओटीपीला तीन मिनिटे.

कोकणकडा

आभारी आहे, परंतु माझे काम त्या अर्थाने शिळे होत नाही. वर्गाची ओळ आज जोडली काय आणि उद्या जोडली काय, फरक पडत नाही.

जुनाखांब

ओळ शिळी होत नाही हे खरे, पण आपण वाचून ठेवलेले पान शिळे होते. कामकरी पान वाचतो, त्यात बदल करून ठेवतो आणि मग दहा मिनिटे थांबतो; दरम्यान एखाद्या माणसाने ते पान सुधारले असेल तर दहा मिनिटांपूर्वीचा मजकूर जसाच्या तसा पाठवणे धोक्याचे आहे. मी असा नियम ठेवतो की प्रतीक्षा एका मिनिटाहून लांबली तर केवळ शेवटची विनंती पुन्हा पाठवायची नाही, तर पान वाचण्यापासून आरंभ करायचा. शेवंतीताईंची मुदत येथे अशा रूपाने लागू पडते.

याच ओघात त्या अकरा पानांविषयी विचारतो. ओळ जोडण्यासाठी आपण `appendtext` वापरता का? आणि उत्तराची वाट किती सेकंद पाहता?

कोकणकडा

होय, `appendtext` वापरतो, आणि `timeout=10` ठेवले आहे. उत्तर न आल्यास तीही तात्पुरती चूक समजून विनंती पुन्हा पाठवतो.

जुनाखांब

मग कारण तेथेच आहे. `maxlag` आले तेव्हा सर्व्हरने स्पष्टपणे नाही म्हटलेले असते, म्हणून ती विनंती पुन्हा पाठवणे निर्धोक असते. दहा सेकंदांत उत्तर आले नाही तेव्हा मात्र होकार की नकार हे आपल्याला ठाऊकच नसते. संपादन जतन होऊन केवळ पावती वाटेत हरवली, असेही घडू शकते. त्या अवस्थेत "ही ओळ शेवटी जोडा" ही आज्ञा पुन्हा पाठवली की ओळ दुसऱ्यांदा जोडली जाते. त्याऐवजी पानाचा संपूर्ण नवा मजकूर `text` मधून पाठवा आणि ज्या आवृत्तीवरून तो तयार केला तिचा क्रमांक `baserevid` मध्ये द्या. पहिले संपादन झालेलेच असेल तर दुसऱ्या वेळी पानात काहीच बदलत नाही आणि उत्तरात `nochange` दिसते.

उत्तर न आल्यावर पानाचा इतिहास वाचून खात्री करून घ्यावी, असे पुष्कळ जण सुचवतात. ते चुकीचे नाही, पण प्रती मागे पडलेल्या असताना आपले वाचन त्यातल्याच एखाद्या प्रतीवरून होऊ शकते, आणि तेथे आपले ताजे संपादन अजून पोहोचलेले नसते. म्हणून मी त्या तपासणीवर एकटीवर विसंबत नाही.

प्रतीक्षेसाठी मी वापरतो ते फलन असे आहे :

```python
def wait_for(n, retry_after=0, base=5, cap=120):
    upper = min(cap, base * 2 ** n)
    w = random.uniform(upper / 2, upper)
    return max(w, retry_after)
```

येथे `n` म्हणजे ताज्या नकाराआधी मंचाकडून लागोपाठ आलेल्या नकारांची संख्या. ती पान बदलल्याने शून्यावर येत नाही.

दशमान

यातील यादृच्छिक भाग कशासाठी आहे, हे कोकणकडा यांच्या नोंदींतच दिसेल. सहा कामकऱ्यांना एकाच क्षणी नकार मिळाला आणि सगळे ठरावीक अंतराने थांबले, तर ते पुन्हा एकाच क्षणी दार ठोठावणार. नोंदींतील वेळा सेकंदानुसार मोजून पाहाव्यात. विनंत्या सर्व सेकंदांवर पसरलेल्या असतील तर ठीक. काही सेकंदांवर सहा-सहा आणि मधल्या सेकंदांवर शून्य असे दिसले, तर कामकरी कवायत करीत आहेत असे समजावे. ही युक्ती फार जुनी आहे. ईथरनेटमध्ये एकाच तारेवर दोन यंत्रे एकदम बोलली की दोघेही यादृच्छिक काळ थांबत, दर धडकेगणिक त्या काळाची कमाल मर्यादा दुप्पट होई, दहाव्या धडकेनंतर ती वाढायची थांबे आणि सोळा प्रयत्न फसले की ती चौकट टाकून दिली जाई. दुप्पट होणे, कमाल मर्यादा, यादृच्छिकता आणि हार मानणे हे चारही भाग तेथे आहेत.

मात्र जुनाखांब, आपल्या फलनात एक फट आहे. पहिल्या नकाराला `n` शून्य असतो, म्हणून `w` अडीच ते पाच सेकंदांमध्ये येतो. सर्व्हरने `Retry-After: 5` पाठवले तर `max` मुळे सहाही कामकऱ्यांना नेमके पाच सेकंद मिळतात, आणि ज्यासाठी यादृच्छिकता आणली ती पहिल्याच फेरीत नाहीशी होते.

जुनाखांब

मान्य. ही ओळ गेली कित्येक वर्षे माझ्याकडे अशीच आहे आणि मी एकच कामकरी चालवत असल्यामुळे ती कधी खुपली नाही. शेवटच्या दोन ओळींच्या जागी ही एक ओळ ठेवावी :

```python
    return retry_after + random.uniform(0, upper)
```

सर्व्हरने सांगितलेला काळ किमान म्हणून पाळला जातो आणि विखुरणे त्याच्या वर होते.

खरे तर सहा कामकरी हवेतच कशाला, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. मिडियाविकीच्या वापरासाठीची शिष्टाचाराची सूचना अशी आहे की विनंत्या समांतर न पाठवता एकीचे उत्तर आल्यावर दुसरी पाठवावी. ४,२०० पाने दर सहा सेकंदांना एक या गतीने एकटा कामकरीही सात तासांत संपवतो.

झटपट

सात तास! आणि मध्ये पुन्हा चार मिनिटांचा खोळंबा आला तर? माझ्या मते मर्यादाच काढून टाकावी. अनंतकाळ प्रयत्न करीत राहावे, प्रतीक्षा १२० सेकंदांवर स्थिर ठेवावी. अखेरीस कधीतरी यंत्रणा शुद्धीवर येतेच.

शेवंती

झटपट, तसे केल्यावर कामकरी मेला आहे की थांबला आहे हे बाहेरून ओळखता येत नाही. आमच्याकडे एकदा परवलीचा शब्द बदलल्यामुळे येणारी चूक कोणीतरी "तात्पुरती" या यादीत घातली होती. कामकरी तीन दिवस दर दोन मिनिटांनी अत्यंत शिस्तीने प्रयत्न करीत राहिला आणि कोणालाही पत्ता लागला नाही.

कोकणकडा

मग मंचाच्या चुकांसाठी मर्यादा किती ठेवावी? आणि ती गाठल्यावर नेमके काय करावे?

जुनाखांब

मी प्रयत्नांऐवजी सलग प्रतीक्षेचा एकूण काळ मोजतो. तुलनेसाठी पाहा : पायविकिबॉटच्या मूळ मांडणीत पहिली प्रतीक्षा ५ सेकंदांची, कमाल १२० सेकंदांची आणि प्रयत्न १५ असतात. म्हणजे ५, १०, २०, ४० आणि ८० मिळून १५५ सेकंद, आणि त्यानंतर १२० सेकंद दहा वेळा, असे एकूण १,३५५ सेकंद, साधारण साडेबावीस मिनिटे. आपला परवाचा खोळंबा त्यात सहज सामावला असता. रात्रीच्या कामासाठी मी तीस मिनिटे धरतो. तेवढ्यात एकही संपादन यशस्वी झाले नाही तर कामकऱ्याने हातातले पान रांगेत परत ठेवावे, शेवटची चूक अक्षरशः जशी आली तशी नोंदवावी, मला एक निरोप पाठवावा आणि बाहेर पडावे.

मात्र बाहेर पडण्याआधी वर कोण बसले आहे ते पाहावे. कामकरी कुबरनेटिसच्या जॉबमध्ये चालत असेल आणि तो चुकीच्या संकेतासह बाहेर पडला, तर जॉब त्याला स्वतःच पुन्हा उभा करतो. `backoffLimit` ची मूळ किंमत ६ आहे. मग आपली तीस मिनिटांची मर्यादा प्रत्यक्षात सात वेळा भोगली जाते, म्हणजे साडेतीन तास. म्हणून पुनर्प्रयत्न एकाच थराने करावा आणि बाकीच्या थरांत ते शून्य करावेत.

कोकणकडा

कुबरनेटिस नाही, पण क्रॉन आहे. मी तो दर रात्री दोन वाजता असे लिहिले होते, परंतु सुटलेली पाने उचलण्यासाठी काल त्यात दर पंधरा मिनिटांची आणखी एक ओळ घातली. आता कामकरी तीस मिनिटे थांबू लागला की त्याच्या शेजारी दुसरा उभा राहील, असे लक्षात येते आहे.

दशमान

दुसराच काय, तिसराही. दोन्ही ओळींतील आज्ञेच्या आधी `flock -n` लावावे, म्हणजे कुलूप पहिल्याच्या हाती असेपर्यंत नवा कामकरी आल्या पावली परत जाईल :

```
*/15 * * * * flock -n /tmp/varga.lock python3 varga.py
```

कोकणकडा

चार रात्रींनंतर कळवतो आहे. कामकरी एकच ठेवला, `text` आणि `baserevid` वापरले, मोजणी मंचाच्या नावावर केली. दुसऱ्या रात्री `maxlag` सुमारे सहा मिनिटे चालले. त्या वेळात नोंदींमध्ये केवळ आठ विनंत्या दिसतात, अयशस्वी यादी रिकामी आहे आणि ओळ दोनदा उमटलेले एकही पान सापडले नाही. दोन वेळा उत्तर न येता वेळ संपली. त्यातल्या एकदा पुढच्या प्रयत्नाला `nochange` मिळाले, म्हणजे पहिल्या वेळी संपादन झालेलेच होते.

एक गोष्ट मात्र खटकते. सातव्या नकारानंतर `n` सातवर होता, मग एक संपादन यशस्वी झाले आणि मी `n` शून्यावर आणला. लगेच पुढच्या संपादनाला पुन्हा नकार आला, आणि प्रतीक्षा पुन्हा पाच सेकंदांपासून सुरू झाली. एका यशावर इतका विश्वास ठेवावा का?

जुनाखांब

मी शून्यावरच आणतो. सर्व्हर `Retry-After` पाठवत असताना खालून सुरुवात करण्यात फारसा धोका नाही, आणि उगाच दोन मिनिटे बसून राहण्याने सगळी रात्र निघून जाते.

दशमान

माझे मत याउलट आहे. यशागणिक `n` एकानेच कमी करावा, कारण प्रती पाच सेकंदांच्या सीमेवर झुलत असतात तेव्हा एक होकार आणि एक नकार असा खेळ बराच वेळ चालतो, आणि नेमक्या त्या काळात शून्यावरून केलेली सुरुवात सर्वाधिक विनंत्या वाया घालवते. आपल्या दुसऱ्या रात्रीच्या नोंदींत शेवटच्या नकारानंतर `lag` चे आकडे काय होते, ते देऊ शकाल का? ते ५.२, ४.८, ५.१ असे असतील तर माझे म्हणणे लागू पडेल. ते ९ वरून एकदम १ वर आले असतील तर जुनाखांब यांचे.

कोकणकडा

नकार आला तेव्हाचेच `lag` नोंदले गेले आहे, आणि शेवटचे दोन आकडे ७.४ आणि ५.३ असे आहेत. यशस्वी उत्तरासोबत तो आकडा येत नाही, त्यामुळे मधले चित्र माझ्याकडे नाही. पुढच्या खोळंब्याच्या वेळी दोन्ही पद्धती आळीपाळीने लावून पाहतो.